स्ट्रोक: गुठळी की रक्तस्राव, आणि घड्याळ नेमकं कधी सुरू होतं

मेंदूचा झटका, अर्धांगवायू, लकवा, 'अंगावरून वारं गेलं', काहीही म्हणा, त्यामागे दोनच प्रकारचे बिघाड असतात. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद होते, त्याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. किंवा नळी फुटून रक्त मेंदूत साचतं, तो हेमरेजिक. गुठळीचे रुग्ण जास्त, रक्तस्रावाचे कमी. पण तुमच्या घरातला माणूस कोणत्या गटात आहे हे अशा आकडेवारीवरून कधीच सांगता येत नाही.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. उपचार मात्र अगदी उलट आहेत. गुठळी असेल तर ती विरघळवणारं जोरकस औषध द्यायचं, आणि रक्तस्राव असेल तर नेमकं तेच औषध माणसाचा जीव घेऊ शकतं. डोकं दुखून उलटी झाली, माणूस पटकन गुंगीत गेला, तर रक्तस्रावाची शंका वाढते हे खरं. तरीही त्या भरवशावर निर्णय घेऊ नये. मी पुण्यातल्या एका कॅज्युअल्टीत काम करतो. अनुभवी डॉक्टरांचेही असे अंदाज तिथे नेहमी चुकताना दिसतात, आणि खरं उत्तर सीटी स्कॅनच देतो. म्हणून घरच्यांचं काम एवढंच: हा स्ट्रोक असू शकतो हे ओळखायचं, वेळ नोंदवायची आणि सीटीपर्यंत पोचवायचं. कोणता स्ट्रोक आहे ते ठरवायला घरी बसू नका.

हे कसं करायचं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

धायरीतली एक सकाळ

धरून चालू की धायरीतल्या एका सोसायटीत ६८ वर्षांचे आजोबा राहतात. बीपी आहे, गोळ्या मनाला येईल तशा घेतात. रात्री साडेदहाला झोपले. सकाळी सव्वासहाला सूनबाईंनी चहा दिला, तर कप उजव्या हातातून निसटला. तोंड उजवीकडे ओघळलंय, काहीतरी सांगू पाहतायत पण शब्दच येत नाहीत.

अशा वेळी पहिला अर्धा तास बहुतेक घरांत कसा जातो हे मला पाठ आहे. कोणी म्हणतं रात्रभर पंख्याखाली झोपले, कोणी म्हणतं पित्त झालंय, थोडं पडू द्या. लिंबूपाणी येतं. शेजारचे काका हार्ट अटॅकचं ऐकून माहीत असलेली ॲस्पिरिन घेऊन येतात. कुणाच्या तरी गावाकडच्या नात्यात लकव्याचं औषध देणारा असतो, त्याला फोन लागतो. कबुतराचं रक्त चोळण्याचा सल्ला आजही ऐकू येतो, शिकलेल्या माणसांच्या तोंडून.

आपल्या उदाहरणातल्या सूनबाई त्या फंदात पडल्या नाहीत. त्यांनी तीन गोष्टी करून पाहिल्या, एका मिनिटात.

पहिली चेहऱ्याची. 'हसा' म्हणण्याऐवजी 'दात दाखवा, ईईई करा' म्हटलेलं बरं, कारण घाबरलेल्या माणसाला मागून हसू येत नाही. एका बाजूचा ओठ वर जात नसेल तर लक्षात येतं.

दुसरी हातांची. दोन्ही हात समोर, तळवे वर, डोळे मिटून दहा सेकंद धरायला सांगायचं. एक हात हळूहळू खाली येऊ लागतो किंवा तळवा आत वळतो. नुसतं 'हात उचला' म्हटलं तर थोडा अशक्त हातही क्षणभर उचलला जातो आणि आपण फसतो, म्हणून ते दहा सेकंद महत्त्वाचे.

तिसरी बोलण्याची. सोपं वाक्य म्हणायला लावायचं, 'आज बुधवार आहे, बाहेर पाऊस पडतोय' असं. कच्चा पापड पक्का पापड नको, ते धडधाकट माणसालाही जमत नाही. बोलणं जड किंवा बोबडं होतंय का, शब्द चुकतायत का, किंवा आपलं म्हणणंच त्यांना कळत नाहीये का, हे पाहायचं. न कळणं हे लक्षण हमखास निसटतं. घरच्यांना वाटतं म्हातारपणात भ्रमिष्ट झाले किंवा ऐकू येईना.

या तिन्हींपैकी एक जरी अचानक बिघडलेली असली तरी पुढच्या पायरीला लागायचं. तिन्ही जमून यायची वाट पाहायची नाही.

आजोबांची उजवी बाजू आणि भाषा दोन्ही गेली होती. त्यावरून डॉक्टरांना पुढे कळणार होतं की बिघाड मेंदूच्या डाव्या भागात आहे, कारण उजवं अंग डावा मेंदू चालवतो आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते.

या तीन चाचण्यांतून एक गट मात्र सुटतो. मेंदूच्या मागच्या भागाचा स्ट्रोक असेल तर चेहरा सरळ, हात ठीक, बोलणंही बरं असू शकतं. माणूस सांगतो ते फक्त एवढंच: एकदम गरगरतंय, दोन दोन दिसतंय, उलटी होतेय. याला आपल्याकडे पित्त किंवा मानेचा स्पाँडिलायटिस ठरवून गोळी दिली जाते. अशा माणसाला उभं करून चार पावलं चालवून पाहा, आधाराला कोणी तरी बाजूला हवंच. चक्कर खूप असूनही भिंतीला धरून चालता येत असेल तर थोडा दिलासा. पण एका बाजूला झोकांडी जात असेल, किंवा उभंच राहता येत नसेल, तर तो स्ट्रोक समजूनच निघायचं. एका डोळ्याला अचानक अंधारी येणं किंवा दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं न दिसणं हेही यातच मोडतं.

आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, क्षणात कळस गाठणारी, डोक्यात स्फोट व्हावा तशी: ही मेंदूभोवतीच्या आवरणाखाली होणाऱ्या रक्तस्रावाची खूण. त्यात हातपाय शाबूत असू शकतात, मान आखडते, उलट्या होतात. बाम लावून झोपवू नका.

घड्याळ: साडेदहा की पावणेपाच?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. कॅज्युअल्टीत पहिलं विचारलं जातं, 'कधी झालं?' घरचे सांगतात, 'सकाळी सव्वासहाला.' ते उत्तर आम्हाला चालत नाही. सव्वासहा ही तुमच्या लक्षात आल्याची वेळ. आम्हाला हवी असते रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ. झोपेत झालं असेल तर घड्याळ झोपायला गेल्यापासून मोजतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आजोबा साडेदहाला झोपले म्हटलं तर सकाळी सव्वासहाला पावणेआठ तास होऊन गेले, म्हणजे नेहमीच्या नियमाने संधी संपली. पण गाडीत बसताना आजींना आठवलं: पावणेपाचला ते लघवीला उठले होते, परत येताना स्पष्ट शब्दांत म्हणाले होते, 'खिडकी लाव, गार वारा येतोय.' चालत गेले, चालत आले, नीट बोलले. त्या एका वाक्याने घड्याळ पावणेपाचवर आलं आणि शेवटची मुदत झाली सव्वानऊ.

म्हणून घरच्यांना माझं सांगणं, सकाळी असं झालं तर रात्रीचं नीट आठवा. पाणी प्यायला उठले होते का, फोनवर कोणाशी बोलले का, व्हॉट्सॲपवर पहाटे काही नीट टाइप केलंय का. दूधवाला, वॉचमन, चालायला सोबत जाणारे मित्र, यांच्यापैकी कोणी शेवटचं पाहिलं असेल तर त्यांचा फोन नंबर सोबत घ्या. आठवतच नसेल तर ओढूनताणून वेळ सांगू नका, खरं तेच सांगा. एमआरआयवर इजा ताजी आहे का हे बघून काही जणांना तरीही इंजेक्शन देता येतं. खोटी वेळ मात्र रक्तस्राव घडवू शकते.

साडेचार तास ही हद्द आहे म्हणून साडेचार तास हातात आहेत असं नव्हे. नळी बंद होताच मेंदूचा सगळा भाग एकदम मरत नाही. खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी अचानक थांबलं तर मधलं पीक लगेच करपतं, पण कडेचं शेजारच्या विहिरीच्या पाण्यावर थोडा काळ तग धरतं. मेंदूतही बंद नळीच्या भोवतालचा भाग शेजारच्या छोट्या नळ्यांच्या उसन्या रक्तावर जिवंत राहतो, मलूल झालेला पण मेलेला नाही. वाचवायचा असतो तो हाच भाग. उसनं रक्त कोणाला किती मिळेल हे माणसागणिक वेगळं, म्हणून कोणी सहा तासांनीही सावरतं आणि कोणाचं दोन तासांत सगळं जातं. मोठी नळी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी जातात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला होता.

दुसरा हिशोब घरच्यांना जास्त उपयोगी पडावा. पहिल्या दीड तासात इंजेक्शन दिलं तर साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एक जण त्या औषधामुळे जवळजवळ पूर्ववत होतो. दीड ते तीन तासांत नऊमागे एक, तीन ते साडेचार तासांत चौदामागे एक. औषध तेच, डोस तोच, बदलली ती फक्त वेळ.

निघताना काय करायचं, काय नाही

सहा वीसला सूनबाईंनी १०८ लावला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे. गाडीला वीस मिनिटं लागतील असं कळलं, आणि खाली शेजाऱ्यांची कार उभी होती. त्यांनी कार घेतली. रुग्ण शुद्धीत असेल, श्वास नीट असेल तर हा निर्णय योग्य. बेशुद्ध असेल, झटके येत असतील, श्वास घरघरत असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट पाहिलेली बरी, तोवर कुशीवर वळवून ठेवा म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही.

तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. स्ट्रोकमध्ये गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, घोट फुप्फुसात उतरतो आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिन नाही, कारण आत रक्तस्राव आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. जिभेखाली ठेवायची गोळी तर मुळीच नाही. घरच्या मशीनवर बीपी १९६ दिसलं की हात आपसूक त्या गोळीकडे जातो, मला समजतं. पण गुठळी असेल तर तो वाढलेला दाबच त्या मलूल भागात उसनं रक्त ढकलत असतो. दाब एकदम पाडला तर तो भागही जातो. बीपी किती आणि कधी उतरवायचं हे सीटीनंतर ठरतं, आणि ते शिरेतून, मोजून मापून करतात.

साखर मात्र घरी ग्लुकोमीटर असेल तर तपासा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर खूप उतरली तर हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं. आकडा ड्रायव्हिंग करणाऱ्याशेजारी बसलेल्याने फोनवर हॉस्पिटलला कळवावा. तपासण्यासाठी थांबून राहू नका.

सोबत घ्यायचं ते एकच: सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जशी असतील तशी पिशवीत टाकून. आम्ही त्यात रक्त पातळ करणारी औषधं शोधतो. वॉरफरिन, ॲसिट्रोम, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन. यांतलं काही चालू असेल तर शेवटची गोळी कधी घेतली हे इंजेक्शन देता येईल की नाही यावर थेट परिणाम करतं. नुसती ॲस्पिरिन रोज चालू असेल तर सहसा अडत नाही. गेल्या काही आठवड्यांत ऑपरेशन, डोक्याला मार किंवा पोटातून रक्तस्राव झाला असेल तर तेही सांगा.

आणि कुठे जायचं? जवळच्या दवाखान्यात नाही. फॅमिली डॉक्टर कितीही चांगले असले तरी त्यांच्याकडे सीटी नसतो, तिथे गेलेली चाळीस मिनिटं परत येत नाहीत. जिथे चोवीस तास सीटी चालतो आणि स्ट्रोकचं इंजेक्शन रात्रीही दिलं जातं तिथे थेट जायचं. ससून पुणे स्टेशनजवळ आहे, पिंपरीत वायसीएम आहे, शिवाय शहरभर मोठी खासगी आणि धर्मादाय हॉस्पिटलं आहेत. पण कोणत्या ठिकाणी रात्री दोनला नेमकं काय मिळतं हे पाटी वाचून कळत नाही. आजच आपल्या घराजवळच्या दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा: सीटी रात्री चालू असतो का, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुम्ही देता का की पुढे पाठवता, आणि कॅथलॅबमध्ये मेंदूतली गुठळी काढायची सोय आहे का. स्वागतकक्षातून 'डॉक्टरांना विचारून सांगते' असं उत्तर आलं तर परत फोन करा.

पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही हे कोणाला सांगायला नको. सकाळी साडेसहाला धायरीतून पंचवीस मिनिटांत कापलेला रस्ता संध्याकाळी सातला तासभर घेतो. गणपतीच्या दहा दिवसांत लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, टिळक रस्ता यांवर भरवसा ठेवू नका. पेठांत राहत असाल तर त्या दिवसांसाठी वेगळं हॉस्पिटल ठरवून ठेवा, नदी किंवा मिरवणुकीचा रस्ता ओलांडावा लागणार नाही असं.

निघाल्यावर हॉस्पिटलला फोन करून 'स्ट्रोकचा रुग्ण आणतोय, पंचवीस मिनिटांत पोचू, शेवटचे बरे पावणेपाचला होते' एवढं सांगा. सीटीचं टेबल मोकळं ठेवायला एवढं पुरतं.

दारातून सुईपर्यंत

सहा पंचावन्नला आजोबा पोचले. सातपर्यंत साखर पाहिली, १६२. शिरेत सुई लावली, वजन विचारलं, ६४ किलो. सात बाराला ते सीटीच्या टेबलावर होते.

इथे घरच्यांचा एक गोंधळ नेहमी होतो. ताजं रक्त सीटीवर लगेच पांढरं दिसतं, त्यामुळे मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्याच स्कॅनमध्ये सापडतो. गुठळीचा स्ट्रोक मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर जवळजवळ दिसतच नाही. रिपोर्ट येतो, 'रक्तस्राव नाही, बाकी नॉर्मल.' हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि विचारतात, मग घरी नेऊ का? हात लुळा आणि सीटी नॉर्मल, याचा अर्थ स्ट्रोक नाही असा होत नाही. याचा अर्थ होतो: बहुधा गुठळीचा स्ट्रोक आहे, आणि अजून वाचवण्यासारखं बरंच काही उरलेलं असू शकतं. ती आनंदाची बातमी आहे खरी, पण इंजेक्शन पुढे ढकलण्यासाठी नव्हे.

आजोबांचा सीटी असाच नॉर्मल आला. त्याच टेबलावर रंगद्रव्य देऊन मेंदूच्या नळ्यांचं चित्र घेतलं, त्यात डाव्या बाजूची मुख्य नळी अडलेली दिसली. बीपी १९६/१०८ होतं. इंजेक्शन द्यायला ते १८५/११० च्या खाली हवं, म्हणून लॅबेटॅलॉल शिरेतून दिलं आणि दहा मिनिटांत १७६/९८ वर आणलं.

मग डॉक्टर घरच्यांशी बोलले. हा संवाद पाच मिनिटांचा असतो आणि याच टप्प्यावर अर्धा-अर्धा तास जातो. 'मोठा मुलगा मुंबईहून निघालाय, तो आला की सही करतो.' मुलगा पोचेपर्यंत साडेदहा वाजतील. फोनवर त्याला सामील करून घ्या, पण जो हजर आहे त्याने निर्णय घ्यायचा हे घरात आधीच ठरलेलं असावं. विचारायचं काय, तर फायदा किती आणि धोका किती. धोका खरा आहे: ज्या १९९५ च्या अभ्यासामुळे हे औषध रूढ झालं त्यात औषध दिलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के लोकांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांची संख्या औषध घेतलेल्या गटातच जास्त होती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, डॉक्टरने दोन्ही सांगायला हव्यात.

सात अडतीसला औषध सुरू झालं. अल्टेप्लेझ किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे ६४ किलोला ५७.६. त्याचा दहावा भाग, ५.८ मिलिग्रॅमच्या आसपास, एका मिनिटात शिरेत; उरलेलं ५१.८ पुढच्या तासाभरात पंपाने. काही ठिकाणी याऐवजी टेनेक्टेप्लेझ देतात, ते एकाच वेळी देऊन मोकळं होतं. शेवटचे बरे दिसल्यापासून दोन तास त्रेपन्न मिनिटं, दारात आल्यापासून त्रेचाळीस. दारापासून साठ मिनिटांच्या आत हे व्हावं अशी अपेक्षा असते.

मोठ्या नळीतली लांब गुठळी निव्वळ औषधाने अनेकदा पूर्ण विरघळत नाही. म्हणून ठिबक चालू असतानाच आजोबांना कॅथलॅबमध्ये नेलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन, जाळीच्या स्टेंटने किंवा ओढून घेऊन गुठळी बाहेर काढतात. याला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात. २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या अभ्यासांनी हे पक्कं केलं. साधारण सहा तासांपर्यंत याचा फायदा स्पष्ट असतो, आणि स्कॅनवर वाचवण्याजोगा भाग उरलेला दिसला तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही. म्हणजे उशीर झाला म्हणून घरीच थांबणं चूक. ज्या हॉस्पिटलात ही सोय नाही, त्यांनी इंजेक्शन सुरू करून रुग्णाला तसंच पुढे पाठवायचं असतं. 'आधी इंजेक्शनने किती फरक पडतो ते पाहू' म्हणून तासभर थांबणं परवडत नाही.

नऊ दहाला नळी मोकळी झाली. संध्याकाळी आजोबांनी उजवा हात उशीपासून वर उचलला. शब्द मात्र पुढचे काही आठवडे अडखळत राहिले, वाचा-उपचार चालू ठेवावे लागले. लवकर पोचूनही सगळं परत मिळेलच असं नाही.

पहिले चोवीस तास बीपी १८०/१०५ च्या खाली ठेवतात, दुसरा सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन देत नाहीत. या काळात शेजारी बसलेल्या माणसाने लक्ष ठेवायचं ते नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, उलटी, गुंगी यांवर. दिसल्या दिसल्या सिस्टरना हाक मारायची. ठिबक चालू असताना जीभ किंवा ओठ सुजू लागले तरीही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल गटातल्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे जास्त होतं.

आणि सीटी पांढरा आला असता तर?

तोच माणूस, तेच वाकडं तोंड, तोच १९६ चा आकडा. समजा सात बाराच्या सीटीत डाव्या मेंदूच्या खोल भागात पांढरा डाग दिसला. डॉक्टर पडद्यावर लांबी, रुंदी, उंची मोजतात, तिन्हींचा गुणाकार करून निम्मा करतात. चार, तीन, तीन सेंटिमीटर, म्हणजे अठरा मिलिलिटर. चहाचे साडेतीन-चार चमचे.

आता इंजेक्शनचा प्रश्नच मिटला, पण घाई मिटत नाही. 'रक्तस्राव आहे, आता काय करणार' असं म्हणून लोक हातपाय गाळतात, तो गैरसमज. फुटलेली नळी पहिल्या काही तासांत अजून झिरपत असते, आणि सुमारे तिघांत एका रुग्णाचा डाग वाढत जातो. अठराचे चाळीस होणं थांबवणं, हेच या तासांचं काम. त्यासाठी बीपी, जे मघाशी आपण जपून उतरवलं, ते इथे तासाभरात १४० च्या आसपास आणायचं. मात्र १३० च्या खाली नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर त्याचा परिणाम ताबडतोब उलटवायचा, व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक शिरेतून देऊन. म्हणून ती गोळ्यांची पिशवी इथेही तितकीच कामाची. साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचे, काही तासांनी सीटी परत करायचा.

ऑपरेशन करून रक्त काढून टाका, असा आग्रह घरच्यांचा असतो. खोल भागातल्या डागासाठी त्याचा सरसकट फायदा दिसलेला नाही. तिथपर्यंत पोचताना चांगला मेंदू चिरावा लागतो. मागच्या छोट्या मेंदूत तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा डाग असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे जागा कमी, दाब सरळ श्वासाच्या केंद्रावर येतो, आणि ऑपरेशन जीव वाचवतं. न्यूरोसर्जन नसलेल्या हॉस्पिटलातून असा रुग्ण लगेच हलवावा लागतो. हलवताना बीपीचं औषध चालू ठेवूनच.

दहा मिनिटांत बरं वाटलं तर

सगळ्यात जास्त संधी वाया जाते ती इथे. संध्याकाळी इडली खाताना आजोबांच्या हातातून चमचा पडला, बोलणं बोबडं झालं, आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. घरी हसण्यावारी नेलं जातं. याला टीआयए म्हणतात: गुठळी आली आणि आपोआप सुटली. पुढच्या तीन महिन्यांत खरा स्ट्रोक येण्याचा धोका यांच्यात मोठा असतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा पहिल्या दोनच दिवसांत. म्हणून 'सोमवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय' चालत नाही. त्याच संध्याकाळी सीटी किंवा एमआरआय, मानेतल्या नळ्यांची तपासणी आणि ईसीजी व्हायला हवा. हृदयाचे ठोके अनियमित सापडले तर औषधच वेगळं लागतं, गळ्यातली नळी खूप अरुंद असेल तर कधी ऑपरेशन.

रक्तस्राव नाही हे नक्की झाल्यावर अशा बहुतेकांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही मिळून साधारण २१ दिवस देतात, नंतर एकच. मेडिकलवाल्याकडे जुनंच प्रिस्क्रिप्शन दाखवून दोन्ही गोळ्या वर्षभर घेत राहिलेले लोक मला दर काही महिन्यांनी भेटतात, पोटातून रक्त जायला लागल्यावर. चिठ्ठीवर दुसरी गोळी कोणत्या तारखेला थांबवायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.